ठमाबाईच्या चुलीवरची चिंच

कऱ्हाटीत ठमाबाईच्या हातच्या आमटीला कुणी नावं ठेवली, असं आजवर झालं नव्हतं. नावं ठेवायची हौस असलेल्यांना तिची जीभ पुरेशी होती. बोलायला लागली की समोरच्याने चपला शोधाव्यात, आणि वाढायला लागली की त्याच माणसाने मांडी घालून पुन्हा बसावं, अशी ही बाई. वय साठीला टेकलेलं, गुडघे कुरकुरणारे, पण पहाटे उठून चूल पेटवायचा रिवाज मोडला नव्हता. गॅस होता, पण आमटी चुलीवरच.

आणि त्या चुलीवर गेली चौदा वर्षं चिंच चढली नव्हती.

आमच्या ह्या बारामती-सुप्याच्या पट्ट्यात ही गोष्ट सांगितली तर परका माणूस हसेल. इथे आमटी म्हणजे चिंच-गूळच. फाल्गुनात चिंचा झोडायच्या, बायकांनी पोत्यावर बसून त्या फोडायच्या, शिरा ओढायच्या, चिंचोके काढायचे, नावापुरतं मीठ लावून गोळे वळायचे आणि चिनी मातीच्या बरणीत दाबून ठेवायचे. झालं वर्षाचं आंबट. आंबट विकत आणायचं म्हणजे दारात विहीर भरलेली असताना टँकर बोलवायचा. ठमाबाई मात्र सुप्याला जाऊन म्हस्कूच्या दुकानातून कोकणातलं आमसूल आणायची. कारण दोन घरांच्या मधे, बांधावर उभं असलेलं ते भलं थोरलं चिंचेचं झाड वाटणीत थोरल्या जावेकडे गेलं होतं.

थोरली जाऊ म्हणजे द्वारकाबाई. मोहनराव आणि रामहरी हे दोघे भाऊ वेगळे झाले तेव्हा जमीन वाटली, बैल वाटले, हंडे-कळश्या वाटल्या. झाड काही कापून वाटता येईना. मग ठरलं, झाड थोरल्याचं, चिंच निम्मी निम्मी. सासू-सासरे, म्हाळसाबाई आणि तात्याबा, दोघं जोडीने सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. दसऱ्याला आणि आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांची वळकटी बांध ओलांडायची. पहिलं वर्ष सगळं सुरळीत गेलं.

दुसऱ्या वर्षी मोहनरावांनी झाडावरची सगळी चिंच एका व्यापाऱ्याला एकरकमी, उक्ती देऊन टाकली. त्याच्या माणसांनी दोन दिवसांत झाड झोडून साफ केलं. ठमाबाईने आपल्या वाट्याची पाटी पाठवली ती परत आली, तळाला जेमतेम चार ओंजळी चिंच, तीही किडकी, टोकरलेली, निम्म्या टरफलांची. ठमाबाईने ती पाटी उचलली, बांध ओलांडला, द्वारकाबाईच्या अंगणात मधोमध पालथी घातली आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आजपासनं माझ्या चुलीवर चिंच चढनार न्हाय. तुमची न्हाय, कुनाचीच न्हाय."

तेवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. पण राग आला की ठमाबाईला मागचंपुढचं दिसत नसे. त्याच दमात ती आणखी म्हणाली, "चिंच येकटीनं खायची आन् म्हातारा-म्हातारी दोघं माझ्या गळ्यात? एकेक वाटून घ्या." त्या वेळी दोघं तिच्याकडे होते. मोहनरावही तापलेच होते. त्यांनी त्याच संध्याकाळी आईची वळकटी उचलून नेली.

तेव्हापासून असं चाललं. दसऱ्यापासून आखितीपर्यंत तात्याबा धाकट्याकडे आणि म्हाळसाबाई थोरल्याकडे. आखितीला उलट. दोन माणसं, पन्नास वर्षांचा संसार, आणि मधे एक बांध. जेवायला वेगळी, झोपायला वेगळी. संध्याकाळी तेवढी दोघं बांधावरच्या सपाट दगडावर येऊन बसत. काय बोलत, देव जाणे. पोरंसोरं चेष्टा करायची, की म्हातारा-म्हातारी चोरून भेटतात. दिवेलागण झाली की दोघं उठून दोन दिशांना जात.

ठमाबाईला त्यात काही वावगं दिसलं नाही. खरं सांगायचं तर ती बघतच नव्हती. तिला चिंचेशिवाय संसार चालवून दाखवायचा होता.

आणि तिने तो दाखवला. पहिल्या वर्षी फजिती झाली ती झालीच. आमसूल तिने चिंचेसारखं भिजवलं, कुस्करलं आणि आमटीत घालून अर्धा तास रटरटा उकळलं. आमटी काळपट आणि तुरट-कडवट झाली. रामहरीने निमूटपणे खाल्ली, कारण त्याला बायको ठाऊक होती. मग हळूहळू तिच्या हाताला कळलं. आमसूल कुस्करायचं नाही. धुऊन, अख्ख्या चार-पाच पाकळ्या, डाळ शिजून फोडणी बसल्यावर शेवटी टाकायच्या. एक-दोन उकळ्या, की पातेलं उतरवायचं आणि पाकळ्या काढून घ्यायच्या. मुळात आमसुलाला मीठ लावलेलं असतं, तेव्हा आमटीत मीठ घालताना हात आखडायचा. चिंचेसारखा दाटपणा ते देत नाही, आमटी पातळ राहते, पण आंबटपणा हलका, पोटाला सोसणारा.

सुक्या भाज्यांना मात्र आमसूल चालेना. भेंडीत पाणी गेलं की भेंडीचा चिकटा. मग चैत्रात वाऱ्याने पडलेल्या कैऱ्या सोलून, चिरून, उन्हात वाळवून ती आंबोशी करायची आणि खलबत्त्यात कुटून त्याचं आमचूर. भेंडी, कारलं, बटाटा, सगळं शिजून गॅस बंद केला की वरून चिमूट-दोन चिमूट भुरभुरायचं. आधी घातलं तर वास उडतो, उशिरा घातलं तर भाजीला लागत नाही. पावसाळ्यात त्याचे खडे होतात म्हणून डबा घट्ट लावायचा. घरात सून आली, माधवी, बारामतीला कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करणारी, तिने दुकानातलं आमचुराचं पाकीट आणलं तर ठमाबाईने वास घेऊन ते परत पिशवीत टाकलं. "ह्याला आंबट म्हनायचं, तर मग माझ्या बोलन्याला काय म्हनायचं?" माधवी हसली. सासूवर हसू शकणारी ती घरातली एकटीच.

अशी चौदा वर्षं. गेल्या माघात म्हाळसाबाई गेली. थोरल्याच्या घरी, झोपेतच. तात्याबा तेव्हा धाकट्याकडे होते. सकाळी कुणीतरी बांधावरून हाक मारली तेव्हा त्यांना कळलं.

त्यानंतर आखितीला ते थोरल्याकडे गेले आणि यंदा दसऱ्याला परत आले, तेव्हा ठमाबाईने दारात भाकरतुकडा ओवाळताना त्यांच्याकडे नीट पाहिलं. बंडी अंगात ढगळ झाली होती. तिच्या मनात आलं, आक्काने, म्हणजे द्वारकाबाईने, उपाशी ठेवलं की काय. तसं ती माधवीला बोललीही. पण आठवडा गेला, पंधरवडा गेला, आणि तात्याबा तिच्याही ताटावरून तसेच उठायला लागले. अर्धी भाकरी, आमटीत बुडवून एक घास, मग वाटी बाजूला.

"तात्या, आमटी बिघडली का?"

"न्हाय गं. चांगली हाय."

"मग?"

"ही न्हवं," एवढंच ते म्हणाले, आणि पाणी प्यायले.

ठमाबाईच्या काळजाला ते लागलं. चौदा वर्षं ह्याच माणसाने हीच आमटी ओरपली होती. तिने आमसूल बदलून पाहिलं. जुनं चामड्यासारखं झालेलं टाकून नवं, मऊ, जांभळट आणलं. डाळ जास्त घोटली. एकदा तर आमसुलाच्या जोडीला आमचूर आणि गूळ घालून चिंचेचा दाटपणा आणायचा खटाटोप केला. आमचूर तळाला बसलं, जिभेला कचकच लागली. तात्याबांनी घास तोंडात घोळवला आणि सुनेला वाईट वाटू नये म्हणून गिळला. ते पाहून ठमाबाईला जास्त वाईट वाटलं.

बारामतीच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सगळं तपासून सांगितलं, रोग काही नाही, अन्न गेलं पाहिजे पोटात. आता अन्न पोटात घालणं हे ज्या बाईचं उभ्या आयुष्याचं काम, तिलाच हे सांगायचं म्हणजे मास्तरला पाटी देण्यासारखं. परतीच्या गाडीत ती एक शब्द बोलली नाही. रामहरी घाबरला.

शेवटी एका रविवारी तात्याबा माधवीला हळूच म्हणाले, "पोरी, चिंचेची मिळंल का गं आमटी? ठमाला सांगू नगं, तिची शपथ हाय." माधवीने अर्थातच सांगितलं.

ठमाबाई चुलीपुढे बसली होती. फुंकणी हातात तशीच राहिली. "म्हंजी तिकडची आठवन येतीया. तितं गोड लागतं. मी चौदा वर्सं केलं ते पान्यात."

"आई, तसं नसेल. म्हातारपणी जीभ बदलते. मी बारामतीहून चिंचेचं पाकीट आणते, मीच करते. तुम्ही हात लावू नका."

"माझ्या चुलीवर चढनार न्हाय म्हनले हुते मी. तुझ्या हातानं का माझ्या हातानं, असं न्हवतं."

"गॅसवर करते मग."

ठमाबाईने तिच्याकडे अशी नजर टाकली, की माधवी अंगणातले वाळलेले कपडे गोळा करायला गेली. पण त्या रात्री ठमाबाईला झोप लागली नाही. शेजारच्या खोलीत म्हातारा कूस बदलत होता आणि खाट वाजत नव्हती. पूर्वी वाजायची. एवढं हलकं झालं होतं ते माणूस. तिला भीती वाटली. माघापर्यंत हा राहतो का, असं तिच्या मनात आलं आणि तिने अंधारातच कानाची पाळी धरली.

दुसऱ्या दिवशी ती सुप्याला गेली. म्हस्कूच्या दुकानात एका परातीत चिंचेचे गोळे रचून ठेवले होते. ठमाबाईने इकडेतिकडे पाहिलं, एका गोळ्याला बोट लावलं, बोट जिभेला लावलं. चौदा वर्षांनी. तोंडाला असं पाणी सुटलं की डोळ्यांनाही सुटलं. तिने पदराने बोट पुसलं आणि म्हणाली, "पावशेर आमसूल दे."

म्हस्कू काटा मांडता मांडता म्हणाला, "वहिनी, यंदा तुमच्या घरात आमसूल लय लागतंय वो. थोरल्या बाईंनी बी उन्हाळ्यापासनं तीनदा नेलं."

"कोन थोरल्या?"

"द्वारकाबाई. आधी कधी नेत नव्हत्या. कसं करत्यात म्हनून मलाच इचारत हुत्या. मला काय म्हाईत? मी इकनारा."

ठमाबाईने आमसुलाची पुडी घेतली आणि पुडीसकट तापली. झाड हिचं, चिंच हिची, आणि आता चौदा वर्षं घासून घासून शिकलेलं माझं आंबटही हिला पाहिजे. हाताला गुण आलाय असं चार लोकांनी म्हटलं, ते हिच्या डोळ्यांत आलं. येष्टीत शेजारी बसलेल्या बाईने कुठे चाललात म्हणून विचारलं, तिच्यावरही ती खेकसली. कऱ्हाटीला उतरल्यावर ठमाबाई घरी गेलीच नाही. सरळ बांधावर चढली, त्या सपाट दगडाला वळसा घातला आणि, म्हाळसाबाईच्या मातीचा दिवस सोडला तर, चौदा वर्षांनी त्याच अंगणात उभी राहिली, जिथे तिने पाटी पालथी घातली होती.

द्वारकाबाई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. थकली होती बाई. ठमाबाईने इतक्या वर्षांत, मातीच्या दिवशीही, तिला लांबूनच पाहिलं होतं, लांबून माणूस म्हातारं होताना दिसत नाही.

"आक्का, तुमाला आमसूल कशाला पायजे?" ना राम राम, ना बसू का.

द्वारकाबाईने शेंग खाली ठेवली. "बस."

"बसायला आले न्हाय मी."

"मग हुबी ऱ्हा. तात्या जेवत्यात का तुझ्याकडं?"

ह्या प्रश्नाची तयारी ठमाबाईने केली नव्हती. खोटं बोलावं असं वाटलं, पण जीभ वळेना. "न्हाय," ती म्हणाली.

"माझ्याकडं बी न्हाय जेवले," द्वारकाबाई म्हणाली. "समदा उन्हाळा. आखितीच्या दुसऱ्या दिशी मी चिंच-गुळाची केली, त्यांनी वाटी सारली. म्हनले, ठमा करती तशी कर, आमसुलाची. मला काय येती? आनलं सुप्याहून. भिजवलं, कोळलं, चांगलं उकळलं. कडू झालं. परत केलं, परत कडू. तिसऱ्या बारीला त्यांनी हात जोडले. म्हनले, ऱ्हाऊ दे पोरी, त्रास नगं घिऊ."

ठमाबाई ओसरीच्या पायरीवर कधी बसली ते तिलाच कळलं नाही. "आमसूल कोळायचं नस्तं," ती म्हणाली. "अख्खं टाकायचं. येक उकळी. मग काढायचं."

"आता सांगतीस व्हय. चौदा वर्सं इचारायची सोय हुती का तुला?"

समोर बांधावर चिंचेचं झाड होतं, गाभुळायला अजून अवकाश असलेल्या हिरव्या चिंचा लोंबत होत्या. मग द्वारकाबाईने झाडाकडे बघतच म्हटलं, "ती पाटी मी भरली नव्हती. मी म्हायेराला हुते, इंदापूरला, भाऊ आजारी हुता. ह्यांनी ढिगाच्या तळाचं खरडून भरलं. मी आले तवा अंगनात चिंच इस्कटलेली आन् आत्याबाई कोपऱ्यात वळकटी घिऊन बसलेल्या."

"मग सांगायचं न्हाय का?"

"तू इचारलंस का?"

ठमाबाई उठली. उभी राहिली. मग पुन्हा बसली आणि म्हणाली, "आक्का, येक गोळा चिंच द्या मला."

द्वारकाबाई आत गेली आणि बरणीच घेऊन आली. नवऱ्याची शपथ नव्हे, देवाची नव्हे, नुसती रागाची शपथ, पण ती मोडताना ठमाबाईने आधी दोन्ही हात लुगड्याला पुसले. बरणी तिने पदराखाली धरली, जसं काही चोरून नेते आहे. द्वारकाबाई चपला घालून तिच्या मागोमाग निघाली. "कशाला येता?" ठमाबाईने विचारलं. "माझी बरनी परत आनायला," द्वारकाबाई म्हणाली. ते काही खरं नव्हतं.

ठमाबाईने चूल पेटवली. डाळ सकाळीच शिजवून ठेवलेली होती. ते बरं झालं, कारण डाळ शिजायच्या आधी आंबट पडलं तर ती शिजतच नाही, हे तिघींतल्या कुणालाही सांगायला नको. गरम पाण्यात चिंच भिजली, तोवर ऑफिसातून आलेल्या माधवीने तिचा कोळ काढून गाळून दिला. फोडणी झाली, डाळ ओतली, उकळी फुटली. ठमाबाईने शेवटी कोळ घातला, गुळाचा खडा टाकला, एक उकळी आली तशी पातेलं उतरवायला सांडशी घेतली. चौदा वर्षांची सवय हाताला.

दारात बसलेली द्वारकाबाई म्हणाली, "थांब. उकळू दे अजून. चिंच हाय ती, आमसूल न्हाय. कच्ची लागंल."

दुसऱ्या कुणी तिच्या चुलीपाशी असं सांगितलं असतं तर त्याचं काही खरं नव्हतं. ठमाबाईने सांडशी खाली ठेवली. आमटी रटरटत राहिली, हळूहळू दाट झाली, रंग चढला आणि घरभर तो वास पसरला. रामहरी गोठ्यातून उठून दारापर्यंत आला, वहिनीला बघितलं आणि तसाच गोठ्यात परत गेला. ह्या घरात काही घडत असेल तर त्या वेळी गोठ्यात असणं बरं, हे तो शिकला होता.

तात्याबांना पाट मांडला. ज्वारीची भाकरी, वाटीत आमटी. त्यांनी वाटी आधी नाकाशी नेली. मग भाकरीचा तुकडा बुडवला, खाल्ला. दुसरा बुडवला. तिघी बायका भिंतीला टेकून वाटीकडे बघत बसल्या होत्या.

"मीठ कमी हाय," तात्याबा म्हणाले.

ठमाबाईने कपाळावर हात मारला. आमसुलाच्या मिठाचा अंदाज हातात बसलेला, चिंचेला तो कसा पुरणार. तिने मीठ पुढे केलं. तात्याबांनी ते घातलं, वाटी संपवली आणि रिकामी वाटी पुढे केली. दुसरी वाटी संपली. भाकरी आख्खी गेली. ठमाबाईला हसू आवरेना. तरी तिच्यातली जुनी ठमाबाई गप्प बसेना.

"तात्या, येक इचारू? आक्काकडं असताना तुमाला आमसूल पायजे. माझ्याकडं आले का चिंच. आमच्या दोघींच्यात काडी लावता का काय?"

तात्याबांनी बोटं चाटली. त्यांना चेष्टा कळली नाही, किंवा कळूनही त्यांनी ती घेतली नाही.

"काडी कशाला लावू? म्हाळसा सांगायची. सांजच्याला दगडावर बसलो का पयलं ईचारायचं, आज काय जेवलीस. ती म्हनायची, चिंच-गुळाची आमटी हुती, लय ग्वाड. मी म्हनायचो, आमाला आमसुलाची. आखितीपासनं मी तिकडं, ती हिकडं, मग ती म्हनायची आमसुलाची आन् मी चिंचंची. चौदा वर्सं नुसतं सांगितलं एकमेकाला. ती जे खायची ते मी त्या टायमाला कधी खाल्लं न्हाय, मी खायचो ते तिनं न्हाय." त्यांनी रिकामी वाटी खाली ठेवली. "आता सांगायला ती न्हाय. म्हनलं, ह्या दिसांत तिच्या ताटात काय असायचं, ते तरी खाऊन बघावं."

माधवीने तोंड फिरवलं. द्वारकाबाई पदर डोळ्यांना लावून बसली. ठमाबाई मात्र रडली नाही, तिला रडायचाही धीर झाला नाही. एकेक वाटून घ्या, असं ओरडलेला तो आवाज तिला स्वतःच्याच तोंडचा ऐकू येत होता. किडक्या चिंचेची पाटी तिने पालथी घातली होती, पण त्या दिवशी तिने वाटलं होतं ते चिंचेपेक्षा फार मोठं होतं. आणि चौदा वर्षं ती आंबटाचा हिशेब ठेवत बसली होती. तात्याबांनी ह्यातलं काहीच काढलं नाही. त्यांनी तिला कधीच दोष दिला नव्हता, म्हणून तिला ते जास्त जड झालं. ती पुढे सरकली आणि तिने उष्ट्या ताटाशेजारी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"तात्या, चुकले मी."

"येडी हाय का," तात्याबा म्हणाले. "आमटी चांगली झालीया. उठ."

त्या दिवसापासून दसरा-आखितीची वळकटी बंद झाली. म्हाताऱ्याला वाटेल तिथे तो जेवतो आणि बहुतेक वेळा दोन्हीकडे जेवतो. बंडी अजून ढगळच आहे, पण खाट पुन्हा वाजायला लागली आहे.

माघात म्हाळसाबाईचं वर्षश्राद्ध झालं. स्वयंपाक ठमाबाईच्या चुलीवर, दोघी जावांनी मिळून. दोन पातेल्यांत दोन आमट्या केल्या, एक चिंचेची, एक आमसुलाची. द्वारकाबाईने आमसूल अख्खं टाकलं, एक उकळी आली आणि ठमाबाई काही बोलायच्या आत काढून घेतलं. ठमाबाईने चिंच भरपूर उकळली. म्हाळसाबाईच्या नावाने पान वाढलं, त्यावर दोन वाट्या ठेवल्या. तात्याबांच्या ताटात तशाच दोन. कावळा शिवल्यावर ते जेवायला बसले, एक घास ह्या वाटीतला, एक त्या वाटीतला, सावकाश, जसं काही कुणी समोर बसून सोबत जेवतं आहे.

ठमाबाई वाढायला शेजारी बसली होती. ह्या वेळी मीठ तिने द्वारकाबाईला विचारून घातलं होतं.